व्हेंटिलेटरचं मराठी कार्ड: 'टायडल व्हॉल्यूम'ला काय म्हणावं?

वाफारा

मी एका तालुक्याच्या गावच्या खासगी रुग्णालयात आयसीयू टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. दहा बेड, पाच व्हेंटिलेटर, त्यातले तीन एका कंपनीचे आणि दोन दुसऱ्याच. नवीन मुलं बारावी सायन्स करून, वर्षा-दीड वर्षाचा कोर्स करून येतात. हुशार असतात, पण पुस्तक इंग्रजी, मशीन इंग्रजी आणि घरी मराठी. म्हणून प्रत्येक मशीनच्या बाजूला लटकवायला एक मराठी कार्ड करायचं मनात आलं.

पहिला मसुदा मी कोश समोर ठेवून केला. टायडल व्हॉल्यूमला, म्हणजे एका श्वासाला आत-बाहेर होणाऱ्या हवेला, हिंदी पुस्तकात 'ज्वारीय आयतन' आहे. ते मुलांना वाचून दाखवलं तर एकजण म्हणाला, "सर, भाकरीचं माप का?" मग मी 'श्वास-आकारमान' केलं. प्रेशर सपोर्टला 'दाब-आधार', ॲप्नियाला 'श्वासस्थगन', आणि हाय प्रेशर अलार्मला 'उच्च दाब'.

कार्ड लावलं आणि चौथ्या रात्री घोळ झाला. तीन नंबरला हाय प्रेशरचा अलार्म. ड्यूटीवरच्या मुलानं कार्ड बघितलं, 'उच्च दाब' वाचलं, आणि बीपीचा पट्टा बांधला. १३०/८० आलं. परत मोजलं, तेवढंच. तिसऱ्यांदा मोजून मला फोन: "सर, मशीन म्हणतंय दाब वाढलाय, पण दाब तर नॉर्मल आहे." तोपर्यंत मशीन ओरडतंच होतं. पेशंटनं ट्यूब चावून धरली होती, सिस्टरनं येऊन बाइट ब्लॉक सरकवला आणि निभावलं.

त्या मुलाचं काही चुकलं नाही. आमच्याकडे 'दाब वाढला' म्हणजे बीपी वाढलं, दुसरा अर्थच नाही. चूक कार्डाची. कार्ड काढून ठेवलंय. आता तुम्ही सांगा, शब्द कुठले घ्यावेत?

शब्दशोधक

उपक्रम आवडला. 'ज्वारीय' टाकलंत ते बरं केलंत, तो हिंदीचा ज्वार, आपली भरती-ओहोटी. पण म्हणून इंग्रजीच ठेवा असं म्हणू नका. दिनांक, महापौर हे सावरकरांनी दिलेले शब्द सुरुवातीला लोकांना अवघडच वाटले असतील, आज कुणाला जाणवतही नाही. वापरानं रुळतात.

माझी सुचवण: टायडल व्हॉल्यूम = श्वासभरती. लाट आत येते, बाहेर जाते, प्रतिमाही टिकते. मिनिट व्हॉल्यूम = मिनिटभरती. हाय प्रेशरला नुसतं 'दाब' न म्हणता 'श्वसनमार्गदाब' म्हणा, म्हणजे रक्तदाबाशी गल्लत होणार नाही.

मिरजेची

शब्दशोधक, तुम्ही दवाखान्यात काम केलेलं दिसत नाही. रागावू नका. आमच्याकडे 'भरती' म्हणजे ॲडमिट. "आज किती भरती?" हा रोजचा प्रश्न. 'मिनिटभरती कमी' असं कार्डावर वाचलं तर पोरगं म्हणेल आज पेशंट कमी आलेत.

मी पंधरा वर्षं स्टाफ नर्स आहे. गोंधळ नुसता मराठी शब्दांचा नाही, इंग्रजीचाही आहे, तेवढं लक्षात घ्या. 'व्हॉल्यूम' म्हणजे मुलांच्या डोक्यात टीव्हीचा आवाज. मशीनवर अलार्म व्हॉल्यूमची सेटिंगही असते. एका नव्या ब्रदरला मी ओरडून सांगितलं, "व्हॉल्यूम कमी आहे बघ," त्यानं अलार्मचा आवाज वाढवला!

आणि सगळ्यात वाईट शब्द 'एक्स्पायर्ड'. स्क्रीनवर Low Expired Volume येतं. दवाखान्यात 'एक्स्पायर झाला' म्हणजे काय ते मी सांगायला नको. पहिल्याच आठवड्यातल्या मुलीचा चेहरा मी पांढरा पडलेला पाहिलाय. तिथे मराठी शब्द हवाच. 'बाहेर आलेली हवा' म्हणा, साधं.

अजून एक. आमच्या युनिटमध्ये निम्म्या सिस्टर केरळच्या आहेत. त्या ओरडणार "व्हीटीई लो!", म्हणजे तीच बाहेर आलेली हवा कमी. तुमच्या कार्डावर नुसतं मराठी असेल तर त्या पोराला तिचं बोलणं आणि कार्ड जुळवता येणार नाही. स्क्रीनवरची अक्षरं कार्डावर जशीच्या तशी पाहिजेत.

पक्या_बायोमेड

एवढं कशाला डोकं फोडताय? बायोमेडिकलमध्ये नऊ वर्षं काढली मी. शब्दाचं भाषांतर करूच नका, कामाचं करा. अलार्म इंग्रजीतच ठेवा, पुढे मराठीत काय करायचं ते लिहा. दोन ओळींत काम होतं:

हाय प्रेशर = नळी तुंबली किंवा दुमडली, नळी बघा.
लो प्रेशर / लो व्हॉल्यूम = नळी सुटली, जोड बघा.

मोड वगैरे डॉक्टर बघतील. टेक्निशियनला मोड कळून करायचंय काय?

भूलतज्ज्ञ

पक्या, तुमचं अर्धं एकदम पटलं. शब्दापेक्षा काम लिहा, बरोबर. पण तुमच्या त्या दोन ओळी मोड सोडून लिहिल्यात, आणि तिथेच पेशंट अडकतो. गेल्या वर्षीचीच गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून.

साठीच्या बाई, न्यूमोनियातून सुधारत होत्या, म्हणून सकाळी प्रेशर सपोर्टवर घेतल्या. पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही राखलेलं प्रेशर, ५, त्यावर सपोर्ट १०, म्हणजे श्वास घेताना प्रेशर १५ पर्यंत जायचं. बाहेर येणारी हवा दर श्वासाला ४२० मिली, मिनिटाला १८ श्वास. छान चाललं होतं. दुपारी अलार्म वाजला तो श्वासांचा वेग वाढल्याचा. वेग ३४. टेक्निशियननं प्रेशर बघितलं: १५. त्याला शिकवलेलं होतं की नळी तुंबली तर प्रेशर वाढतं. प्रेशर वाढलेलं नाही, म्हणजे नळी ठीक. त्यानं सिस्टरला सांगितलं, बाई घाबरल्यात, झोपेचं औषध विचारा.

मी पोचले तेव्हा Vte १८० होता. चारशेवीसचा एकशेऐंशी! बाई घाबरल्या नव्हत्या, त्यांना हवा पुरत नव्हती, म्हणून भराभरा श्वास घेत होत्या. तेव्हा झोपेचं औषध दिलं असतं तर श्वास घ्यायची धडपडही थांबली असती.

प्रेशर का वाढलं नाही? कारण या मोडमध्ये प्रेशर आपण बांधून दिलेलं असतं. मशीन १५ वर पोचतं आणि तिथे थांबतं, त्यापुढे ढकलत नाही. रस्ता अरुंद झाला की तेवढ्याच जोरात हवा कमी जाते. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये उलटं: हवा बांधलेली, मशीन ४०० मिली ढकलणारच, मग रस्ता अरुंद झाला की जोर वाढतो आणि हाय प्रेशर वाजतो. अडथळा तोच, पण एका मोडमध्ये तो प्रेशरच्या आकड्यात दिसतो, दुसऱ्यात हवेच्या. कुठल्या आकड्याकडे बघायचं हे मोड सांगतो, म्हणून टेक्निशियनला मोड कळला पाहिजे.

आणि बघा, मिनिट व्हॉल्यूमचा अलार्मही वाजला नाही. आधी ४२० गुणिले १८, म्हणजे साडेसात लिटर. नंतर १८० गुणिले ३४, म्हणजे सहा लिटरच्या वर. खालची मर्यादा चार लिटरला लावलेली. वेग वाढवून बाईंनी मिनिटाचा हिशोब जवळपास सांभाळला होता. Vte ची खालची मर्यादा कुणीतरी आदल्या पाळीत खोकल्याच्या अलार्मना कंटाळून १०० वर आणून ठेवली होती, म्हणून तीही गप्प.

पक्या_बायोमेड

ओके, हे माझ्या लक्षात नव्हतं. आम्ही कॅलिब्रेशन करताना बहुतेक वेळा व्हॉल्यूम मोडवरच मशीन टेस्ट लंगला, म्हणजे रबरी फुग्याला, लावतो, त्यामुळे डोक्यात तेच बसलंय. पण मग अडथळा कुठे होता? ट्यूब ब्लॉक?

भूलतज्ज्ञ

तेच सगळ्यांना वाटलं. सक्शन कॅथेटर घातला तर सरळ आत गेला, कुठे अडलं नाही, थोडाच कफ आला. म्हणजे ट्यूब मोकळी. मग नळ्या जुळतात तिथे, वाय-पीसपाशी, लावलेला हवेत ओलावा राखणारा एचएमई फिल्टर काढून हातात घेतला, ओला आणि जड. दोनदा नेब्युलायझेशन दिलं होतं आणि दोन्ही वेळा तो काढलेला नव्हता, त्यात कफही उडालेला. नवा लावला, तिसऱ्या-चौथ्या श्वासाला Vte ४१०. वेग खाली यायला दहाएक मिनिटं लागली.

पक्या, तुमच्या यादीत अजून एक भर. व्हॉल्यूम मोडमध्येही हाय प्रेशर म्हणजे दर वेळी नळीच नसते. दमा उसळला, फुप्फुसाबाहेर हवा साठली, ट्यूब सरकून एकाच फुप्फुसात गेली तरी तेच वाजणार. आणि पेशंट खोकला तर कुठल्याही मोडमध्ये क्षणभर वाजतो. म्हणून 'नळी बघा' ही पहिली पायरी म्हणून ठीक, अलार्मचा अर्थ म्हणून नाही. नळी मोकळी दिसली आणि सॅच्युरेशन पडत असेल तर पेशंट मशीनवरून काढून अँबूनं, म्हणजे हातानं दाबायच्या पिशवीनं, श्वास द्यायचा आणि डॉक्टरला हाक मारायची. हे कार्डावर सगळ्यात वर हवं.

अण्णांचा_मुलगा

नमस्कार, विषय जवळचा वाटला म्हणून लिहितोय. वडिलांना सीओपीडी आहे, घरी बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन, आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं आयपॅप १४, ईपॅप ६. मागच्या महिन्यात दवाखान्यात ठेवलं तेव्हा तिथल्या मोठ्या मशीनवर 'पीएस ८' लावलेलं दिसलं. मी भांडलो की १४ चं ८ का केलं, कमी का देताय? त्यांनी नीट सांगितलं नाही. तसंच घरच्या मशीनवर रात्री लीकचं चिन्ह येतं, त्याला मराठीत काय म्हणतात आणि काय करावं?

मिरजेची

दादा, इथे भाषांतराची चर्चा चाललीय, पण तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी पडलाय. कमी नव्हतं दिलं. घरच्या मशीनवर आयपॅप म्हणजे श्वास घेतानाचं एकूण प्रेशर, शून्यापासून मोजलेलं, आणि ईपॅप म्हणजे तळाचं. दवाखान्याच्या बहुतेक मशीनवर पीएस म्हणजे तळाच्या प्रेशरवर वरून घातलेली भर. तळाला ६, वर ८, एकूण १४. तेच आहे. भांडलात ते वाया गेलं, पण विचारलंत ते चांगलं केलंत.

लीक म्हणजे मास्कच्या कडेनं हवा सुटतेय. उशी, दाढी, सैल पट्टा, झोपेत उघडं पडणारं तोंड, हे बघा. पट्टा फार आवळू नका, नाकावर जखम होते. रोज येत असेल तर मास्कचं माप बदलायला लागेल, ज्यांनी मशीन दिलं त्यांना दाखवा. सेटिंग तुम्ही बदलू नका.

शब्दशोधक

मी दोन दिवस गप्प बसून वाचत होतो. भरती मागे घेतो. श्वसनमार्गदाबही मागे घेतो, रात्री तीनला कुणी तो उच्चारणार नाही.

पण या बायपॅपच्या गोष्टीतून एक सुचलं. 'आधार' हा शब्द नुसताच दुबळा नाही, त्यातून काहीच कळत नाही. किती आधार, कशाचा? 'भर' म्हटलं तर कळतं: पीप हा तळ, सपोर्ट ही भर. "तळ ६, भर ८" असं म्हटलं की बेरीज आपोआप होते. प्रेशर सपोर्ट = जोराची भर?

आणि डॉक्टरताईंनी मोड समजावला त्यात शब्द तयारच आहेत, आपण नवे कशाला घडवायचे? व्हॉल्यूम कंट्रोल: हवा बांधलेली, जोर बदलता. प्रेशर कंट्रोल: जोर बांधलेला, हवा बदलती. प्रेशरला 'दाब' न म्हणता 'जोर' म्हटलं की बीपीचा प्रश्नच मिटतो.

भूलतज्ज्ञ

'बांधलेला' आणि 'बदलता' झकास. प्रेशर सपोर्टला मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते: श्वास पेशंटचा, जोर मशीनचा. कारण त्या मोडमधला मुख्य मुद्दा भर हा नाही, सुरुवात कोण करतं हा आहे. पेशंटनं श्वास ओढला तरच मशीन जोर देतं. पेशंटनं ओढलाच नाही तर मशीन वाट बघतं, ॲप्नियाची वेळ संपली की मग अलार्म आणि बॅकअप. 'भर' म्हटल्यावर ही अर्धी गोष्ट गळते.

'जोर' बद्दल मात्र थोडी शंका. पीपला तळाचा जोर म्हणायचं? श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसं पूर्ण मिटू नयेत म्हणून राखून ठेवलेलं प्रेशर आहे ते, तिथे जोर कोण लावतंय? मला तिथे 'पीप' हाच शब्द बरा वाटतो. दोन अक्षरांचा, सगळ्यांना पाठ.

शब्दशोधक

तळ म्हणा नुसतं. तळाला जोर लागत नाही. :)

नवशिक्या_यवतमाळ

मी सहा महिन्यांपूर्वी लागलो. सगळे मोठे लोक बोलून राहिले म्हणून भीत भीत लिहितो. मला शब्दापेक्षा वजनानं गंडवलं. कार्डावर लिहिलेलं होतं, टायडल व्हॉल्यूम = वजनाच्या ६ ते ८ पट मिली. बाई आल्या, बेडवर वजन घेतलं, ८० किलो. मी आठनं गुणलं, ६४०. सीनियरनं डोळे वटारले अन् ३६० लावलं. काऊन म्हणून विचारलं तर म्हणे तसंच असते. कसं तसंच असते?

वाफारा

हा प्रश्न माझ्या पहिल्या कार्डातही राहून गेला होता, बरं झालं विचारलंस. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. फुप्फुसांचं माप उंचीवर ठरतं. त्यामुळे ते 'वजन' काट्यावरचं नसतंच, उंचीवरून काढायचं असतं. बाईंची उंची किती होती? समज १६०. त्यातून १५२.४ वजा कर, ७.६ राहिले. त्याला ०.९१ नं गुण, साधारण ६.९. बाईसाठी ४५.५ मिळव, झाले ५२.४ किलो. पुरुष असता तर ४५.५ च्या जागी ५०. आता ५२.४ ची सहापट ३१४ आणि आठपट ४१९. सीनियरचा ३६० मधोमध बसतो. तुझा ६४० म्हणजे बारापटीच्या वर.

झोपलेल्या पेशंटची उंची टेपनं मोज, अंदाजानं लिहू नको. आणि आकडा लावायचा निर्णय डॉक्टरचा, पण हिशोब आपल्याला यायला हवा म्हणजे चुकीचा आकडा दिसला तर विचारता येतो.

भूलतज्ज्ञ

त्या बारापटीला इतिहास आहे. एके काळी १०-१२ पट हवा देणं नेहमीचं होतं. २००० साली अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कच्या, म्हणजे फुप्फुसांच्या एका गंभीर आजारावरच्या, चाचणीत सहापट आणि बारापट असे दोन गट होते. बारापटीच्या गटात ३९.८ टक्के पेशंट दगावले, सहापटीच्या ३१ टक्के. तेव्हापासून आकडा खाली आला. त्या चाचणीतही वजन उंचीवरूनच काढलं होतं. कार्डावर 'वजन' हा शब्द एकटा येऊच देऊ नका. 'उंचीचं वजन' लिहा.

नवशिक्या_यवतमाळ

उंचीचं वजन! हे डोक्यात बसलं. धन्यवाद मॅडम, सर.

मिरजेची

वाफारा, अलार्म सायलेन्सचं काय लिहिलंत? मी एका कार्डावर 'अलार्म बंद करा' पाहिलंय, त्या बटणाच्या समोर. ते बटण अलार्म बंद करत नाही हो, आवाज थांबवतं, तेही आमच्या मशीनवर दोन मिनिटं. 'बंद' वाचलं की माणूस पाठ फिरवतो. आमच्याकडे मामासुद्धा येता-जाता ते बटण दाबून जायचे, कानाला त्रास होतो म्हणून. 'दोन मिनिटं आवाज गप्प, कारण शोधा' असं लिहा.

वाफारा

लिहिलं. आता 'ॲप्निया'वर या. माझ्या मसुद्यात 'श्वासस्थगन' होतं, ते कुणालाच कळलं नाही. 'श्वास थांबला' लिहिलं तर मुलांना लगेच कळतं. पण आमच्याकडे भेटीच्या वेळी नातेवाईक बेडपाशी उभे असतात. इंग्रजी अलार्म त्यांना कळत नाही, मराठी कार्ड ते वाचतात. मुलगा बापाच्या उशाशी उभा आहे, मशीन वाजलं, त्यानं कार्डावर 'श्वास थांबला' वाचलं. पुढे काय होईल?

भूलतज्ज्ञ

पुढे दंगा होईल. आणि त्यात बऱ्याचदा श्वास थांबलेलाच नसतो. कमजोर पेशंटचा ओढा मशीनला कळत नाही, ट्रिगर जड लावलेला असतो, छाती हलतेय आणि मशीन म्हणतंय ॲप्निया. म्हणून मला 'मशीनला श्वास दिसला नाही' हे जास्त खरं वाटतं. छाती बघा, हा हुकूम त्यातच येतो.

पक्या_बायोमेड

ताई, लांब होतंय. आणि खरंच थांबला असेल तेव्हा असं सौम्य वाक्य वाचून पोरगं निवांत चालत येईल त्याचं काय? मी म्हणतो 'श्वास थांबला' च लिहा, कार्ड मशीनच्या मागच्या बाजूला लावा.

मिरजेची

मागे लावलेलं कार्ड घाईत कोण बघणार, पक्या?

अण्णांचा_मुलगा

नातेवाईक म्हणून सांगतो. मी त्या बेडपाशी उभा होतो तेव्हा इंग्रजी अलार्म मला कळत नव्हता म्हणून मी शांत होतो असं नव्हतं. काहीच कळत नव्हतं म्हणून प्रत्येक आवाजाला वाटायचं संपलं. एकदा 'मशीनला श्वास दिसला नाही, छाती बघा' असं वाचलं असतं तर मीही छातीच बघितली असती.

वाफारा

आठ दिवसांनी परत आलो. रिकाम्या मशीनला टेस्ट लंग लावून चार मुलांना बसवलं. आधी व्हॉल्यूम मोड, ४०० मिली. नळी चिमट्यानं अर्धी दाबली, प्रेशर २० वरून ४० ला गेलं, अलार्म. चौघांनीही नळी शोधली. मग प्रेशर कंट्रोल, तोच चिमटा, तेवढाच दाबला. प्रेशर जागचं हललं नाही. दोघं प्रेशरकडेच बघत बसले, दोघांनी Vte बघितला. त्या दोघांनी कार्ड वाचलं होतं, बाकीच्यांनी नव्हतं, एवढंच सांगतो, यावरून फार काही सिद्ध होत नाही.

मजा आली ती प्रेशर सपोर्टला. टेस्ट लंग स्वतः श्वास ओढत नाही. मशीन थांबलं, वीस सेकंद गेले आणि ॲप्निया वाजला. एक मुलगा म्हणाला मशीन बिघडलं. मी रबरी फुगा दोन्ही हातांनी धरून ताणला, तसं मशीननं हवा दिली. परत ताणला, परत दिली. मग त्याच्याच हातात दिला. पाचएक वेळा ताणल्यावर तो म्हणाला, "हां, श्वास माझा, जोर त्याचा." वाक्य कार्डावर होतंच, पण तेव्हा कुठे ते त्याचं झालं.

आता कार्डावर एवढं आहे. स्क्रीनवरची अक्षरं जशीच्या तशी, समोर मराठी:

```
आधी पेशंट बघ. छाती हलते का? SpO2 किती?
पडत असेल: अँबू लाव, हाक मार.

VC    हवा बांधलेली, जोर बदलता  -> Ppeak बघ
PC    जोर बांधलेला, हवा बदलती  -> Vte बघ
PSV   श्वास पेशंटचा, जोर मशीनचा -> Vte आणि वेग बघ

Vti   आत गेलेली हवा
Vte   बाहेर आलेली हवा
      Vti पेक्षा Vte बरीच कमी: हवा गळतेय
PEEP  तळ
```

'दाब' शब्द कार्डावर कुठेच नाही. फिल्टरची ओळ मागच्या बाजूला आहे: कॅथेटर सरळ गेला तरी Vte कमी, तर फिल्टर हातात घेऊन बघ. नेब्युलायझेशनला फिल्टर काढ, झाल्यावर लाव.

ॲप्नियाची ओळ अजून रिकामी आहे. आमच्या डॉक्टरांना 'श्वास थांबला' हवंय, सिस्टरना 'श्वास दिसला नाही'. दोन मशीनवर एक आणि तीनवर दुसरं लावायचं म्हणताहेत, त्याला मी नाही म्हणालो.

मिरजेची

बरं केलंत. एकाच युनिटमध्ये दोन कार्डं नकोतच.

आमच्या केरळच्या सिस्टरला फोटो दाखवला. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. 'श्वास पेशंटचा, जोर मशीनचा' तिनं लगेच मल्याळममध्ये करून पाठीमागे पेनानं लिहिलं. मग विचारते, 'तळ' म्हणजे काय? मी म्हटलं, पीप. म्हणाली, मग पीपच लिहा ना.

शब्दशोधक

:( तळ राहू द्या की हो.